आधीचे गुण किती वजा करायचे?

तेच ५२ रुग्ण, तीच मोजमापे, पण उपचाराचा फायदा किती झाला याची उत्तरे तीन. एका हिशेबाने १७.३ गुण, दुसऱ्याने १०.८ आणि तिसऱ्याने १२.७. तिन्ही हिशेबांत बेरीज-वजाबाकी चोख आहे. फरक पडतो तो एकाच प्रश्नामुळे. उपचार सुरू होण्याआधीच दोन गटांत जे अंतर होते, त्याचे करायचे काय?

हा प्रयोग जर्मनीतला. खांद्याच्या स्नायूबंधांना सूज आलेल्या खेळाडूंवर अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग होतो का, हे त्यात तपासले होते आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २५ जणांना खऱ्या सुया टोचल्या, तर २७ जणांना खोट्या. खोट्या सुईचे टोक बोथट होते. कातडीला टेकल्यावर ती नाटकातल्या खंजिरासारखी स्वतःच्याच मुठीत सरकायची. त्यामुळे रुग्णाला सुई टोचल्यासारखे वाटे, पण आत काहीच जात नसे. कोणाच्या वाट्याला कोणती सुई येणार, हे सोडतीने ठरले होते. वेदना, रोजची कामे, हात किती वळतो, किती ताकद लावता येते अशा गोष्टी पाहून प्रत्येक खांद्याला शंभरपैकी गुण दिले जात. जितके गुण जास्त, तितका खांदा चांगला. हे गुण उपचाराआधी एकदा आणि उपचारानंतर एकदा मोजले गेले.

सोडत प्रामाणिक असली तरी लहान गटांत थोडी ओढाताण राहतेच. इथेही तसेच झाले. खऱ्या सुईच्या गटाची सरासरी सुरुवातीलाच ६०.४ होती, खोट्या सुईच्या गटाची ५३.९. म्हणजे एकही सुई टोचण्याआधी पहिला गट साडेसहा गुणांनी पुढे होता. उपचारानंतर तो ७९.६ वर पोहोचला आणि दुसरा ६२.३ वर.

अँड्र्यू व्हिकर्स आणि डग्लस ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एका छोट्या टिपणात हेच आकडे घेऊन तीन हिशेब शेजारी शेजारी मांडले. डॉक्टरांना हा विषय समजावून देणारे याहून सुटसुटीत उदाहरण मिळणे कठीण.

पहिला हिशेब फक्त शेवटचे गुण पाहतो. ७९.६ मधून ६२.३ वजा केले की १७.३ उरतात. यात आधीच्या साडेसहा गुणांची आघाडीही सुईच्या खात्यावर जमा झाली, हे उघड आहे. दुसरा हिशेब प्रत्येक गटाची वाढ पाहतो. खऱ्या सुईचा गट १९.२ गुणांनी वाढला, खोट्या सुईचा ८.४ गुणांनी, म्हणून फरक १०.८. हा हिशेब बहुतेकांना न्याय्य वाटतो. जो जिथून निघाला तिथून तो किती पुढे गेला, एवढेच त्याने मोजले. आधीची आघाडी पूर्ण वजा झाली, आता तक्रारीला जागा कुठे उरली?

जागा उरते. कारण ‘पूर्ण वजा’ करताना एक गोष्ट गृहीत धरली जाते. आधी एखादा रुग्ण दहा गुणांनी पुढे असेल, तर उपचार नसतानाही तो नंतर बरोबर दहा गुणांनीच पुढे राहील, असे ते गृहीत आहे. प्रत्यक्षात तो तितका पुढे राहतो का, हे ठरवण्याची गरज नाही, ते मोजता येते. आलेख कागदावर आडव्या अक्षावर आधीचे गुण आणि उभ्या अक्षावर नंतरचे गुण घ्यावेत. प्रत्येक रुग्णासाठी एक ठिपका द्यावा, खऱ्या सुईवाल्यांचा एका रंगाचा आणि खोट्या सुईवाल्यांचा दुसऱ्या रंगाचा. मग दोन्ही रंगांच्या ठिपक्यांमधून, ठिपक्यांना शक्य तितक्या जवळून जाणाऱ्या, पण एकमेकींना समांतर अशा दोन रेषा काढाव्यात. या रेषांचा चढ सांगतो की एकाच गटातल्या दोन रुग्णांमध्ये आधी एका गुणाचे अंतर असेल, तर नंतर सरासरीने किती अंतर राहते. आणि दोन रेषांमधले उभे अंतर सांगते की सारख्याच गुणांवरून निघालेल्या दोन रुग्णांमध्ये खऱ्या सुईवाला किती पुढे गेला.

या ५२ जणांमध्ये चढ निघाला ०.७१ आणि उभे अंतर १२.७. सूत्र म्हणून लिहिले तर ते असे दिसते:

नंतरचे गुण = २४ + ०.७१ × आधीचे गुण + १२.७ × गट

यात खऱ्या सुईसाठी ‘गट’च्या जागी १ घालायचा आणि खोट्या सुईसाठी ०. संशोधनाच्या अहवालांत ‘समायोजित सरासरी’ म्हणून जे आकडे छापलेले असतात, ते यातूनच येतात आणि ते हाताने काढून पाहण्यासारखे आहेत. सर्व ५२ जणांची आधीची सरासरी ५७ च्या आसपास येते. खोट्या सुईचा गट त्या पातळीच्या ३.१ गुण खाली होता. तो ५७ वरून निघाला असता तर त्याला नंतर ०.७१ गुणिले ३.१, म्हणजे २.२ गुण जास्त मिळाले असते. म्हणून ६२.३ चे ६४.५ झाले. खऱ्या सुईचा गट ३.४ गुण वर होता, त्याचे २.४ गुण कमी करायचे, म्हणून ७९.६ चे ७७.२. दोन्ही गट एका पातळीवरून निघाले असते तर काय झाले असते, याचा हा अंदाज आहे आणि त्यातला फरक १२.७. साडेसहाच्या आघाडीपैकी ४.६ गुण वजा झाले. पहिल्या हिशेबाने शून्य वजा केले होते, दुसऱ्याने सगळे साडेसहा. तिसऱ्याने आकड्यांनाच विचारून ठरवले.

या पद्धतीला सहप्रचरण विश्लेषण म्हणतात. संशोधकांच्या तोंडी मात्र ‘अँकोव्हा’ हेच नाव असते.

आता मुख्य प्रश्न. चढ एकपेक्षा कमी का निघतो? हे या एका प्रयोगापुरते नाही. चाचणी असो, रक्तदाब असो किंवा वजन असो, आधीचे आणि नंतरचे मोजमाप एकाच प्रमाणावर घेतले की चढ बहुतेक वेळा शून्य आणि एकच्या मध्ये कुठेतरी असतो. कारण मोजमापाच्या दिवशी मिळालेल्या गुणांत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या माणसाची नेहमीची स्थिती आणि त्या दिवसाचा योग. ज्याला त्या दिवशी ४० गुण मिळाले, त्याचा खांदा कदाचित आदल्या रात्रीच्या झोपेने अधिकच आखडला असेल. पुढच्या वेळी तोच योग पुन्हा येईलच असे नाही. म्हणून फार खालून निघालेले लोक, काहीही केले नाही तरी, थोडे वर येताना दिसतात आणि फार वरून निघालेले तितकेसे वाढत नाहीत.

वरच्या सूत्रात हे अगदी स्पष्ट दिसते. खोट्या सुईच्या गटातला ४० गुणांचा रुग्ण घ्या. त्याचे नंतरचे अपेक्षित गुण येतात ५२.४, म्हणजे बारा गुणांची वाढ. त्याच गटातला ८० गुणांचा रुग्ण घ्या. त्याचे येतात ८०.८, म्हणजे वाढ एक गुणही नाही. दोघांनाही सुई खरी लागलेली नाही. तेव्हा ज्या गटाची सुरुवात खालून झाली, त्याची वाढ आपोआपच मोठी दिसणार. या प्रयोगात खालून निघाला होता तो खोट्या सुईचा गट. त्याच्या ८.४ च्या वाढीत हा आयता वाटाही होता आणि वाढींची तुलना करणाऱ्याने तो ओळखला नाही. म्हणून त्याला खऱ्या सुईचा फायदा १०.८ इतकाच दिसला. नुसते शेवटचे गुण पाहणारा खऱ्या सुईला झुकते माप देतो आणि नुसती वाढ पाहणारा खोट्या सुईला. सुरुवातीची आघाडी उलट बाजूला असती, तर दोघांच्या चुकाही उलट झाल्या असत्या.

अर्थात १२.७ हा आकडाही दगडावरची रेघ नाही. ५२ रुग्णांवरून काढलेल्या या अंदाजाची ९५ टक्के विश्वासमर्यादा ४.१ ते २१.३ अशी रुंद आहे.

ही कल्पना पुस्तकात मांडली गेली ती दवाखान्याच्या किंवा शाळेच्या नव्हे, तर चहाच्या मळ्याच्या संदर्भात. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी संशोधकांसाठी लिहिलेल्या आपल्या संख्याशास्त्राच्या पुस्तकाच्या चौथ्या आवृत्तीत, १९३२ मध्ये, या विश्लेषणाचा विभाग घातला. उदाहरणासाठी त्यांनी सिलोनमधले, म्हणजे आजच्या श्रीलंकेतले चहाचे आकडे घेतले. ते टी. ईडन यांनी जमवलेले होते. ईडन आधी रॉथमस्टेडला फिशर यांच्यासोबत होते आणि नंतर सिलोनच्या चहा संशोधन संस्थेत गेले. चहाचे झुडूप वर्षानुवर्षे त्याच जागी उभे असते. जमिनीचा एखादा तुकडा कसदार असेल किंवा त्यावरची झुडपे जोमदार असतील, तर तो तुकडा यंदा जास्त पाने देतो आणि पुढेही देत राहतो. मग खताचा प्रयोग करताना ज्या तुकड्यांना खत मिळाले ते मुळातच चांगले होते की खताने चांगले झाले, हे कसे कळणार? उपाय असा की प्रयोगाआधी काही काळ प्रत्येक तुकड्याची खुडणी नुसती तोलून ठेवायची आणि नंतरच्या उत्पन्नातून तिचा योग्य वाटा, चढाने ठरलेला वाटा, काढून टाकायचा. शाळेतल्या पूर्वचाचणीचे काम मळ्यात आधीच्या खुडणीने केले.

फिशर यांना यातून मुख्यतः हवी होती ती अचूकता. तुकड्या-तुकड्यांतला जुना फरक बाजूला काढला की उरलेला गोंधळ कमी होतो आणि खताचा लहानसा परिणामही दिसू लागतो. हा लाभ किती मोठा आहे, तेही सांगता येते. नुसत्या शेवटच्या गुणांवर भरवसा ठेवून एखाद्या प्रयोगाला १०० रुग्ण लागणार असतील आणि आधीच्या व नंतरच्या गुणांतला सहसंबंध ०.७ असेल, तर अँकोव्हा वापरून तेवढीच अचूकता ५१ रुग्णांत मिळते. वाढींची तुलना केली तर ६० लागतात. सहसंबंध ०.३ इतका कमी असेल तर अँकोव्हाला ९१ लागतात आणि वाढींच्या तुलनेला चक्क १४०. म्हणजे आधीचे मोजमाप फारसे काही सांगत नसताना ते पूर्ण वजा करणे हे मुळीच न वापरण्यापेक्षाही वाईट. कारण त्या मोजमापातला सगळा योगायोग शेवटच्या गुणांत येऊन मिसळतो. अँकोव्हा अशा वेळी चढ लहान ठेवते आणि थोडेच वजा करते. सोडतीने गट पाडलेले असतील तर अँकोव्हा सोडून वाढींची तुलना करण्याचे कारण खरोखरच शिल्लक राहत नाही.

या हिशेबाला एक अट आहे. ती म्हणजे त्या दोन रेषा समांतर असणे. उपचाराचा लाभ खालून निघालेल्यांना आणि वरून निघालेल्यांना साधारण सारखाच झाला असेल, तरच ‘फरक १२.७’ असे एका आकड्यात सांगण्याला अर्थ आहे. रेषा एकमेकींकडे झुकत असतील तर प्रत्येक पातळीवर फरक वेगळा असतो आणि सरासरीच्या पातळीवरचा एक आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

याचे उत्तम उदाहरण मुंबईतच घडले. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील शाळांमध्ये ‘बालसखी’ हा उपक्रम चालवला. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी बालसखी म्हणून नेमायची. तिसरी-चौथीतल्या ज्या मुलांना अजून अक्षरओळख आणि साधी बेरीज जमत नाही, अशी पंधरा-वीस मुले तिने शाळेच्या वेळेतच दोन तास वेगळी बसवायची आणि त्यांना मुळापासून शिकवायचे. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार, हे सोडतीने ठरवले गेले. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी केलेले त्याचे मूल्यमापन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षाच्या सुरुवातीला पूर्वचाचणी, शेवटी उत्तरचाचणी, आणि हिशेबात मुलाच्या वाढीबरोबरच त्याचे पूर्वचाचणीचे गुणही धरलेले. डावीकडे वाढ घेतली तरी उजवीकडे पूर्वचाचणी असली की उपक्रमाच्या परिणामाचा आकडा तंतोतंत अँकोव्हाचाच येतो. बदलतो तो फक्त चढ, आणि तोही बरोबर एकने.

पहिल्या वर्षी परिणाम ०.१४ प्रमाण विचलनाइतका निघाला, दुसऱ्या वर्षी ०.२८. हे आकडे सर्व मुलांच्या सरासरीचे आहेत. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. पूर्वचाचणीत खाली असलेल्या मुलांचे आणि वर असलेल्यांचे चित्र त्यांनी वेगवेगळे पाहिले, तेव्हा लाभाचा मोठा भाग तळाच्या मुलांनाच मिळाल्याचे दिसले. बालसखीकडे जाणारी मुले तीच होती, त्यामुळे ते पटण्यासारखेही आहे. रेषा समांतर नव्हत्या, हे या उपक्रमातले महत्त्वाचे निरीक्षण होते. नुसती समायोजित सरासरी छापून विषय मिटवला असता, तर उपक्रम नेमका कोणाच्या कामी आला हे वाचकाला कधीच कळले नसते. अशा वेळी पूर्वचाचणीत कमी गुण असलेल्यासाठी फरक किती आणि जास्त गुण असलेल्यासाठी किती, असे दोन-तीन पातळ्यांवरचे आकडे द्यावे लागतात. संगणकावर हे तपासणे सोपे आहे. R मध्ये पहिली ओळ समांतर रेषांची, दुसरी रेषांना आपापला चढ घेऊ देणारी:

```
lm(post ~ pre + group)
lm(post ~ pre * group)
```

मात्र त्याआधी ठिपक्यांचा आलेख डोळ्यांनी पाहणे सोडू नये. एका टोकाला असलेली दोन-तीन मुले अख्ख्या रेषेला वळवू शकतात आणि ते आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही.

इथपर्यंतच्या दोन्ही प्रयोगांत सोडत होती. ती नसते तेव्हा हीच पद्धत चांगलीच फसवू शकते, आणि तसे घडल्याचा आरोप असलेले एक मोठे प्रकरण अमेरिकेत झाले आहे. गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी १९६५ मध्ये तिथे ‘हेड स्टार्ट’ ही शाळापूर्व शिक्षणाची योजना सुरू झाली. चार वर्षांनी, १९६९ मध्ये, वेस्टिंगहाउस लर्निंग कॉर्पोरेशन आणि ओहायो विद्यापीठाने तिचे मूल्यमापन सादर केले. योजनेत जाऊन आलेल्या, आता पहिली ते तिसरीत असलेल्या मुलांची तुलना त्याच भागातल्या, योजनेत न गेलेल्या मुलांशी केली होती. कोणी योजनेत जायचे हे सोडतीने ठरलेले नव्हते. म्हणून कुटुंबाची सामाजिक-आर्थिक स्थिती मोजून तिच्यासाठी अँकोव्हाने समायोजन केले गेले. उन्हाळी वर्गांचा परिणाम दिसला नाही, वर्षभर चालणाऱ्या वर्गांचा दिसला तो अगदी थोडा.

पुढच्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल आणि अल्बर्ट अर्लेबाकर यांनी यावर कडक आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे होते की अशा तुलनेत समायोजन नेहमी अपुरे पडते आणि अपुरे पडल्याचा फटका गरीब गटाला बसतो. इतका, की काहीच परिणाम न करणारी योजना अपायकारक दिसू शकते.

त्यांचा मुद्दा कल्पित आकड्यांनी उलगडता येतो. समजा योजनेतल्या मुलांची खरी सरासरी ४० आहे आणि बाहेरच्यांची ६०. योजना पूर्ण निरुपयोगी आहे असे धरू. म्हणजे नंतरच्या सरासऱ्याही ४० आणि ६० च राहिल्या. आधीची चाचणी थोडी डळमळीत आहे, म्हणून प्रत्येक गटाच्या आत चढ निघतो ०.७. आता अँकोव्हा काय करेल? आधीचे अंतर २० गुणांचे, त्याच्या ०.७ पट, म्हणजे १४ गुण वजा करेल. नंतरचे अंतर मात्र पूर्ण २० आहे. उरतात ६ गुण, आणि ते योजनेतल्या मुलांच्या विरुद्ध जातात. निष्कर्ष छापला जाईल की ‘समायोजनानंतर’ योजनेने मुलांचे सहा गुणांनी नुकसान केले. प्रत्यक्षात योजनेने काहीही केलेले नाही.

खांद्याच्या प्रयोगात ०.७१ ने काम अचूक झाले आणि इथे ०.७ ने घात केला, याचे कारण नीट पाहायला हवे. सोडतीने पाडलेले दोन गट एकाच समुदायातून आलेले असतात. त्यांच्यातली सुरुवातीची आघाडी म्हणजे निव्वळ योग, आणि त्या आघाडीचा जो भाग पुढे टिकतो तो माणसामाणसांतल्या चढाइतकाच टिकतो. दोन्ही गट एकाच सरासरीकडे ओढले जात असतात. हेड स्टार्टसारख्या तुलनेत गट मुळातच दोन वेगळ्या समुदायांतले असतात. ६० वाल्या समुदायातला ५० गुणांचा मुलगा पुढच्या वेळी ६० कडे सरकतो आणि ४० वाल्या समुदायातला ५० गुणांचा मुलगा ४० कडे. कागदावर दोघे ‘सारख्याच पातळीवरून निघालेले’ दिसतात, पण त्यांच्या परतीच्या वाटा वेगळ्या असतात. अँकोव्हाला हे माहीत नसते, कारण गट कसे पाडले हे तिला आकड्यांतून कळूच शकत नाही.

चाचणीतली डळमळ किती आहे हे ठाऊक असेल, तर चढ दुरुस्त करून घेण्याच्या पद्धती आहेत. पण गटांमध्ये जे फरक मोजलेच गेले नाहीत, म्हणजे घरात पुस्तके किती, आईला वेळ किती, मुलाला त्या वर्गात घालण्याची धडपड कोणी केली, त्यांच्यावर त्याचा इलाज चालत नाही.

हाच पेच फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्ये एका पानभर कोड्यात मांडला होता. एका विद्यापीठाच्या भोजनगृहातल्या जेवणाचा वजनावर काय परिणाम होतो, हे पाहायचे आहे. मुलांची आणि मुलींची वजने सप्टेंबरमध्ये घेतली आणि पुन्हा जूनमध्ये. मुलांची सरासरी जशी होती तशीच आहे, मुलींचीही तशीच. पहिला संख्याशास्त्रज्ञ म्हणतो, दोन्ही गटांत काहीच बदल नाही, त्यामुळे फरकाचा प्रश्नच नाही. दुसरा अँकोव्हा वापरतो आणि म्हणतो, सुरुवातीला सारखेच वजन असलेल्या मुला-मुलींची तुलना केली तर मुलांचे वजन मुलींपेक्षा वाढलेले आहे. दोघांचे गणित बरोबर आहे. सारख्या वजनाची मुलगी आपल्या गटात जड असते आणि मुलगा हलका. म्हणून ती खाली सरकते आणि तो वर. पॉल हॉलंड आणि डोनाल्ड रुबिन यांनी १९८३ मध्ये या कोड्याची उकल केली. सगळ्यांनी एकाच भोजनगृहात जेवले आहे. ते जेवण मिळाले नसते तर या मुलामुलींची वजने काय झाली असती, हे आकड्यांत कुठेच नाही. दोन्ही संख्याशास्त्रज्ञ त्याबद्दल वेगवेगळे गृहीत धरतात आणि कोणाचे खरे, हे त्या आकड्यांतून तपासता येत नाही.

महाराष्ट्रातल्या शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत पूर्वचाचणी-उत्तरचाचणीचा आराखडा नेहमीचा आहे. शाळा प्रयोगासाठी मुलांची नव्याने वाटणी करू देत नाही, म्हणून ‘अ’ तुकडी प्रायोगिक गट होते आणि ‘ब’ तुकडी नियंत्रित गट. ही अडचण खरी आहे आणि संशोधकाच्या हातची नाही. पण तुकड्या गुणांनुसार पाडलेल्या असतील, तर तो हेड स्टार्टचाच पेच होतो. दोन तुकड्यांना दोन वेगळे शिक्षक असतील, तर पद्धतीचा परिणाम आणि शिक्षकाचा परिणाम वेगळा काढणे पूर्वचाचणीला जमणारे नाही. तिथे चार-सहा शाळांतल्या तुकड्या घेऊन प्रत्येक शाळेत नवी पद्धत कोणत्या तुकडीला द्यायची हे नाणे उडवून ठरवणे, हा एका वर्गात चाळीसऐवजी साठ मुले घेण्यापेक्षा पुष्कळ चांगला उपाय आहे.

म्हणून अशा संशोधकांना विनंती आहे की समायोजित सरासरीच्या तक्त्याशेजारी आणखी काही आकडे जरूर छापावेत. दोन्ही गटांची असमायोजित पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी, चढ किती निघाला, रेषा समांतर होत्या का, आणि गट नेमके कसे पाडले. एवढे हाती आले की समायोजनात किती गुण वजा झाले, हे कोणताही वाचक गुणाकार करून स्वतः तपासू शकतो.